आईबाबांच्या लग्नाच्या जुन्या फोटोखाली काय लिहू?

केतकी

येत्या रविवारी आईबाबांच्या लग्नाला ४२ वर्षं होतील. त्या दिवशी त्यांचा लग्नातला फोटो घरच्या ग्रुपवर आणि माझ्या इन्स्टाग्रामवर टाकायचाय, आणि त्याखाली चार ओळी हव्यात. फोटोतली ती दोघं आईबाबा व्हायच्या आधीची वाटतील अशा ओळी हव्यात. तेव्हा आई २१ वर्षांची होती, बाबा २५ चे. मी आज ३६ ची आहे.

फोटो इथे टाकत नाही, कारण त्यांना अजून विचारलेलं नाही. वर्णन करते. कृष्णधवल आहे, चौकोनी, बैठकीच्या खोलीत फ्रेममध्ये असतो. दोघं एका बाकावर बसलीत. बाबा आपल्या डावीकडे, आई उजवीकडे. बाबांनी कोट घातलाय, दोन्ही हात गुडघ्यांवर सपाट ठेवलेत, मनगटावर घड्याळ. आईच्या मुठीत रुमाल आहे, त्याचं एक टोक बोटांमधून बाहेर आलंय. तिच्या एका गालावर ऊन पडलंय. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत, हसतही नाहीत.

माझे तीन प्रयत्न:

१. दोन अनोळखी जीव, एक क्षण आणि आयुष्यभराची साथ.

२. तेव्हा त्यांना कुठे ठाऊक होतं, पुढे काय काय होणार आहे!

३. ते दोघं आणि त्यांची स्वप्नं.

तिन्ही वाचून काहीच हलत नाही. कुठे चुकतंय?

प्रभाकर

आपल्या आईवडिलांना लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! "तुमची जोडी अशीच अखंड राहो, सुखसमृद्धी लाभो" असं लिहा. सोपं आणि सगळ्यांना आवडणारं.

केतकी

धन्यवाद काका. शुभेच्छा मी फोनवर देणारच आहे. इथे मला त्या फोटोतल्या दोघांबद्दल लिहायचंय, आजच्या आईबाबांना उद्देशून नाही.

शेवटचं पान

केतकी, मी बरीच वर्षं दैनिकाच्या डेस्कवर फोटोओळी लिहिल्या आहेत. तुझ्या तीन ओळींबद्दल स्पष्टच सांगते.

पहिली ओळ तुझ्या मैत्रिणीच्या आईबाबांच्या फोटोखाली ठेवून बघ. बसते. माझ्याही आईबाबांच्या फोटोखाली बसते. कुणाच्याही फोटोखाली बसणारी ओळ या फोटोची नसते. तिसरीचंही तेच. फोटोत स्वप्नं दिसत नाहीत, रुमाल दिसतो.

दुसरीची अडचण वेगळी आहे आणि ती जास्त जणांची होते. तू ४२ वर्षांच्या उंचीवरून खाली बघते आहेस. तुला सगळं माहीत आहे आणि त्या दोघांना काही माहीत नाही, एवढंच ती ओळ सांगते. त्यात ती दोघं लहान दिसतात, तरुण नाही. तरुण दिसायला हवी असतील तर त्यांच्या बाकावर जाऊन बस. त्या मिनिटाला त्यांच्यापुढे काय होतं? समोर कॅमेरा, गालावर ऊन, मुठीत रुमाल. बाईला ऊन लागत असताना ती आयुष्याचा विचार करत नाही, ऊन कधी जाईल याचा करते.

म्हणून आज लिहू नकोस. फोटो दहा मिनिटं नुसता बघ. भिंगाने बघ किंवा स्कॅन करून मोठा करून बघ, आणि आजवर कधीच न दिसलेली एक गोष्ट शोध. ओळ तिच्यातून येईल. एकच गोष्ट पुरे. तीन सापडल्या तर दोन सोडून दे.

वैभव

ते हसत नाहीत याचं कारण सरळ आहे. जुन्या काळी फोटो निघायला खूप वेळ लागायचा, कितीतरी मिनिटं हलायचं नसे, म्हणून सगळे गंभीर. हेच लिहा ना: "हसायलाही सवड नव्हती."

नेगेटिव्हवाला

वैभव, तुम्ही म्हणता तो काळ फारच जुना, फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीचा. ४२ वर्षांपूर्वी फिल्म होती आणि फोटो सेकंदाच्या छोट्याशा भागात निघायचा. पण तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. केतकी म्हणते गालावर ऊन आहे, म्हणजे बहुधा खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढलाय. घरातल्या उजेडात शटर हळू ठेवावं लागतं, सेकंदाचा तिसावा भाग किंवा त्याहून जास्त. तेवढ्यातही मान हलली की चेहरा पुसट येतो. म्हणून "हलू नका" हे फोटोग्राफर बोलला असणारच.

दुसरं म्हणजे फोटो चौकोनी आहे. चौकोनी फोटो बहुतेक वेळा १२० च्या रोलचा असतो आणि त्या रोलमध्ये असे १२ च फोटो बसायचे. बारापैकी एक या दोघांच्या वाट्याला आला. फोटोग्राफरलाही तो वाया घालवायचा नव्हता आणि त्यांनाही ते जाणवत असणार. मला त्या चेहऱ्यांवर दुःख किंवा गांभीर्य वाटत नाही, जबाबदारी वाटते.

केतकी, फ्रेममधून काढताना सांभाळा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. दमटपणामुळे फोटोचा वरचा थर काचेला धरतो, ओढला की चेहऱ्यासकट निघून येतो. चिकटला असेल तर काचेसकट स्कॅन करा. सुटला तर ६०० डीपीआयला स्कॅन करा, आणि एखादी बारीक जागा बघायची असेल तर तेवढीच १२०० ला. स्कॅनर नसेल तर खिडकीपासून थोडं बाजूला, फ्लॅश बंद, फोन फोटोला अगदी समांतर धरून काढा.

कावेरी

माझाही असाच प्रश्न आहे. आईबाबांचा लग्नाचा फोटो रंगीत आहे, पण सगळा लालसर-गुलाबी झालाय. मी ओळ लिहिली होती, "तो गुलाबी दिवस." चालेल का?

नेगेटिव्हवाला

कावेरी, दिवस गुलाबी नव्हता, त्या फोटोतला निळसर रंग गेलाय. त्या काळच्या रंगीत कागदावर तीन रंगांचे थर असायचे. अल्बममध्ये, अंधारात ठेवलेल्या फोटोंमध्ये निळसर थर आधी विरतो आणि उरतो तो लाल-नारिंगी. तुमचा फोटो अल्बममध्येच होता ना? भिंतीवर उजेडात असता तर कदाचित वेगळाच रंग आधी उडाला असता. ओळ लिहायची तर लिहा, पण "दिवस गुलाबी" म्हणू नका, "फोटो गुलाबी झालाय" म्हणा. ते खरं आहे.

कावेरी

हो, अल्बममध्ये होता! कपाटाच्या तळाशी. मला वाटायचं आईच्या कपड्यांचा रंगच तो होता. आता विचारते तिला, खरा कोणता होता.

केतकी

फोटो काचेला चिकटलेला नव्हता, सुटला. स्कॅन केला. शेवटचं पान ताई, तुम्ही म्हणालात तशी आजवर न दिसलेली गोष्ट सापडली. घड्याळ. तबकडीवरचे आकडे दिसत नाहीत, पण दोन काटे स्पष्ट काळे दिसतात. मोठा काटा आठच्या जागी आहे आणि लहान काटा दोनच्या थोडा अलीकडे. एक चाळीस.

लिहिलं:

"दुपारचे एक चाळीस. बाबांनी घड्याळ दिसेल असा हात ठेवलाय, पण वेळेकडे कुणाचं लक्ष नाही. आईच्या मुठीत रुमाल आहे आणि गालावर ऊन."

आधीपेक्षा बरं वाटतंय. बरोबर चाललंय ना?

शेवटचं पान

खूपच बरं. "दुपारचे एक चाळीस" वाचताच मी त्या खोलीत गेले. दोन गोष्टी सांगते.

"वेळेकडे कुणाचं लक्ष नाही" हे तुला कुठून कळलं? ते तुझं आहे, फोटोतलं नाही. कल्पना करायला हरकत नाही, धागा त्यासाठीच आहे, पण कल्पना एकाच ठिकाणी कर आणि ती कल्पना आहे हे वाचणाऱ्याला कळू दे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. "बाबांनी" आणि "आईच्या" म्हटलंस की ते झाले बाबा आणि ती झाली आई. त्या बाकावर अजून कुणी बाबा नाही, कुणी आई नाही. पंचवीस वर्षांचा एक मुलगा आहे आणि एकवीस वर्षांची मुलगी. मराठीत तर हे फारच टोचतं, कारण बाबा म्हटलं की "ते बसलेत", "त्यांनी ठेवलंय" आलंच. आदरार्थी क्रियापद लावलं की तो मुलगा एका शब्दात साठ वर्षांचा होतो. "तो" म्हणून बघ. "त्याने हात असा ठेवलाय." एक अक्षर बदलेल आणि चेहरा बदलेल.

सुमनताई

हे मला पटत नाही. वडिलांना "तो" म्हणायचं? घरच्या ग्रुपवर मोठी माणसंही असतील. मुलीनं वडिलांना अरे-तुरे केलेलं त्यांना कसं वाटेल?

शेवटचं पान

सुमनताई, तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. पण ती वडिलांना तो म्हणत नाहीये. ती स्वतःहून ११ वर्षांनी लहान असलेल्या एका मुलाला तो म्हणतेय. ओळीत शेवटी कधी तरी "बाबा" येऊ दे, म्हणजे वाचणाऱ्याच्या लक्षात येईल की हा तोच.

सुमनताई

तरी मी असते तर "ते" च म्हटलं असतं. ज्याच्या त्याच्या घराचं असतं हे.

अनुपम

माझा अनुभव सांगू का? आईच्या लग्नाच्या फोटोत तिचे डोळे पाण्याने भरलेले आहेत. आम्ही भावंडांनी २५ व्या वाढदिवसाला त्याखाली "आनंदाश्रू" असं लिहून मोठा करून दिला होता. आईने तो भिंतीवर लावलाही. खूप वर्षांनी सहज बोलता बोलता म्हणाली की त्या दिवशी तिला सणसणून ताप होता आणि तो कुणालाही सांगायचा नाही असं तिने ठरवलं होतं. ताप लपवून ती दिवसभर उभी होती. आम्ही त्या दिवसावर आमचा शब्द चिकटवला आणि तिने तो इतकी वर्षं खोडला नाही, आम्हाला वाईट वाटेल म्हणून. अजून त्या फ्रेमकडे बघवत नाही मला. केतकी, आईला विचार. कल्पना कर, पण आधी विचार.

रानवारा

अनुपम, तुमचं वाचून गलबलून आलं. पण विचारलं की गंमत जात नाही का? वाढदिवसाच्या दिवशी अचानक मिळायला हवं. आणि सगळं विचारूनच लिहायचं तर ती कल्पना कसली? मला वाटतं मुलांना आईवडिलांच्या तरुणपणाची कल्पना करायचा हक्क आहे, चुकली तरी.

अनुपम

हक्क आहे. पण चूक झाली तर ती भिंतीवर आई बघते, आपण नाही.

नेगेटिव्हवाला

मध्येच विचारतो. केतकी, घड्याळ कोणत्या मनगटावर आहे? आणि बाबा कोणत्या हातात घालतात?

केतकी

फोटोत उजव्या मनगटावर आहे. बाबा आता डाव्या हातात घालतात. लहानपणी मी विचारलं होतं तर म्हणाले होते, "तेव्हा घाईत उजव्या हातात बांधलं असेल." का?

वैभव

मग फोटो उलटा छापलाय! घड्याळ उजव्या हातात म्हणजे उलटाच.

नेगेटिव्हवाला

शंका तीच आहे, पण घड्याळावरून ठरवू नका. माझा भाऊ डावखुरा आहे, तो जन्मभर उजव्या हातात घालतो. शिवाय बाबा म्हणतात तसं घाईतही बांधलं जाऊ शकतं. कोट बघा. कोटाचा छातीवरचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतो, आणि पुरुषांच्या कोटाची बटणं लावताना घालणाऱ्याची डावी बाजू वर येते. बाबा आपल्या समोर बसलेत, म्हणजे सरळ फोटोत खिसा आपल्या उजव्या हाताला दिसायला हवा. कुठे दिसतोय?

केतकी

आपल्या डाव्या हाताला दिसतोय. बटणांची वरची पट्टीही तिकडचीच आहे. म्हणजे फोटो खरंच उलटा आहे?

नेगेटिव्हवाला

उलटा आहे. हे पूर्वी होत असे. नेगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद. छापताना मंद बाजू खाली, कागदाकडे यायला हवी. अंधाऱ्या खोलीत ती वर राहिली की चित्र आरशातल्यासारखं छापलं जातं. फोटो स्पष्टच येतो, त्यात एखादी पाटी किंवा अक्षर नसेल तर कुणाला पत्ता लागत नाही. भिंतीवर लावायला मोठा करून घेतलेला फोटो नंतर कधी तरी छापलेला असणार. अल्बममध्ये त्याच फोटोची लहान प्रत असेल तर ती सरळ असू शकेल, शोधा. नेगेटिव्हच मिळाली तर आणखी बरं. तिच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे असतात, ते सरळ वाचता येतात ती सरळ बाजू.

आणि हो, घड्याळही उलटं वाचलंत. आरशातल्या घड्याळात खरी वेळ काढायला ११:६० मधून वजा करायचं. ११:६० वजा १:४०, उरले १०:२०. मोठा काटा चारवर, लहान काटा दहाच्या पुढे. तुमची दुपार म्हणजे सकाळ आहे.

शेवटचं पान

नेगेटिव्हवाला, हात जोडते. केतकी, बघ, तुझी ओळ "दुपारचे एक चाळीस" म्हणून पुढची ४२ वर्षं टिकली असती आणि ती खोटी असती.

केतकी

अजून हात थरथरतायत, म्हणून तुटक तुटक लिहितेय.

अल्बम काढला. मागच्या पानावर, जाळीदार कागदाखाली, त्याच फोटोची लहान प्रत आहे. तळव्यात मावेल एवढी. त्यात आई आपल्या डावीकडे आहे आणि बाबा उजवीकडे. घड्याळ डाव्या मनगटावर. नेगेटिव्ह मिळाली नाही.

पण हे सगळं बाजूला राहू दे. आई मला लहानपणापासून एक गोष्ट सांगत आली आहे, की फोटो काढताना तिच्या उजव्या हाताला खिडकी होती आणि सकाळचं ऊन थेट उजव्या गालावर येत होतं. डोळा मिटायला येत होता आणि फोटोग्राफर "एवढं झालं की झालं" म्हणत होता. आणि दर वेळी आम्ही सगळे तिला फ्रेममधला फोटो दाखवायचो. "आई, बघ ना, ऊन डाव्या गालावर आहे." बाबाही म्हणायचे, "तुला नीट आठवत नाहीये." हळूहळू ती सांगायची बंद झाली. गेल्या काही वर्षांत तर तीच म्हणायला लागली होती, "नसेल आठवत मला. डावीकडूनच असेल."

लहान प्रतीत ऊन उजव्या गालावर आहे.

मी काल संध्याकाळी ती प्रत तिच्या हातात दिली, काही न बोलता. तिने ती खिडकीपाशी नेली, चष्मा वर केला, आणि खूप वेळ बघत राहिली. मग आधी उजव्या गालाला हात लावला. म्हणाली, "बघ."

मला पुढे काही लिहिता येत नाहीये.

अनुपम

केतकी, तुझी ओळ तुला मिळाली.

कावेरी

डोळे भरून आले. एवढी वर्षं तिला खोटं पाडलं गेलं, एका कागदामुळे.

रानवारा

माझा मुद्दा मागे घेते. विचारल्याने गंमत गेली नाही, उलट विचारलं म्हणून हे मिळालं.

केतकी

बाबांनाही दाखवली. त्यांनी बराच वेळ दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. घड्याळाबद्दल त्यांनी एक गोष्ट सांगितली, हात तसा सपाट का ठेवला होता त्याची. ती कुठे लिहू नकोस असंही म्हणाले, म्हणून इथेही लिहीत नाही. कॅप्शनमध्ये घड्याळाची वेळ ठेवते, हात काढून टाकते. रुमालाबद्दल आईला विचारलं तर तिला तो आठवतच नाही. म्हणजे रुमाल पूर्ण माझा. एक कल्पना करायची ती त्याचीच करीन.

आता एका गोष्टीत अडकले आहे. कोणता फोटो टाकू? सरळ केलेला की भिंतीवरचा? आई म्हणते सरळ. बाबा म्हणतात त्यांना तो अनोळखी वाटतो, "हा मी नाहीच" म्हणाले.

नेगेटिव्हवाला

बाबांचं बरोबर आहे. माणूस स्वतःचा चेहरा आरशात बघतो, म्हणजे उलटाच. त्यामुळे उलटा छापलेला फोटो स्वतःला जास्त ओळखीचा वाटतो आणि सरळ फोटोत भांग भलत्याच बाजूला गेल्यासारखा दिसतो. इतरांचं याच्या उलट असतं. त्यात तो फोटो इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मी असतो तर सरळ टाकला असता, कारण खोली तशी होती. पण हा मी फोटोवाला म्हणून बोलतोय.

सुमनताई

मी असते तर भिंतीवरचाच. घरातल्या प्रत्येकाच्या मनात तोच आहे. सरळ केला तर तो दुसऱ्याच कुणाचा वाटेल.

शेवटचं पान

दोन्ही टाकता येतील, पण मग फोटोखाली खुलासा लिहावा लागेल, आणि खुलासा आला की ओळ मरते. एकच निवड. आणि एक व्यवहाराची गोष्ट: इन्स्टाग्रामवर पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी दाबल्याशिवाय उघडत नाही. म्हणून वेळ पहिल्या ओळीत ठेव आणि आईचं ऊन शेवटी. जो उघडेल त्याला मिळेल.

केतकी

शेवटी सरळ केलेला टाकतेय. बाबा अजून नाखूष आहेत, पण म्हणाले, "तिला हवाय ना, मग टाक." भिंतीवरची फ्रेम आहे तशीच राहणार आहे.

हे लिहिलंय. सुमनताई, "तो" ठेवलाय, रागावू नका.

"सकाळचे दहा वीस. तो पंचवीस वर्षांचा आहे, ती एकवीस. फोटोग्राफर हलू नका म्हणालाय, म्हणून दोघं हलत नाहीत. तिने मुठीत रुमाल धरलाय, आणि मला वाटतं, फोटो झाला की पहिल्यांदा ती गालावरून रुमाल फिरवणार आहे, मग त्याच्याकडे बघणार आहे.

आई, ऊन उजवीकडूनच येत होतं."

शेवटचं पान

यात एक शब्द बदलू नकोस.

पण "पंचवीस" अक्षरी लिहिलंस ते बरं केलंस. आकडा लिहिला असतास तर फॉर्म भरल्यासारखं झालं असतं.

सुमनताई

रागावले नाही ग. "तो" अजून खटकतो, पण शेवटची ओळ वाचली आणि आईची आठवण झाली.

प्रभाकर

आता कळलं तुम्हाला काय हवं होतं. आमच्या लग्नाचा फोटोही काढून बघितला. माझं घड्याळ डाव्याच हातात आहे. पण खिसा दिसत नाही, हिची बाही पुढे आली आहे. बटणं दिसतात, वरची दोन. नेगेटिव्हवाला, कोणती बाजू वर हवी म्हणालात?

नेगेटिव्हवाला

तुमची डावी. फोटोत बघणाऱ्याच्या उजव्या हाताची पट्टी वर दिसायला हवी.

प्रभाकर

उजव्याच हाताची वर आहे. म्हणजे आमचा सरळ आहे. हिला सांगतो.